अर्धी वाटी किनोआ मोकळा, चार वाट्या केला की गिचका: पाणी नेमकं कुठं चुकतं?

मी सोलापुरात विजापूर रोडला घरून डबे करते. चपाती-भाजी, भाकरी-पिठलं हे रोजचं. पण हल्ली सकाळच्या डब्यात ओट्स नाहीतर किनोआ मागणारी माणसं वाढली आहेत. कुणाला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेला असतो, कुणी व्यायाम करून परस्पर कामावर जाणारं असतं. ओट्सचं मला लवकर जमलं. किनोआनं मात्र बरेच महिने छळलं, आणि छळलं ते एकाच पद्धतीनं.

घरात चव बघायला म्हणून अर्धी वाटी किनोआ केला की तो सुरेख व्हायचा. दाणा न दाणा सुटा, चावताना किंचित टचकन फुटणारा. तोच किनोआ डब्यांसाठी चार वाट्या केला की तळाशी लगदा, मधे आसट, आणि वरचा थर तेवढा बरा. पाणी दोन्ही वेळेला पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दुप्पट. पाकीट तेच, शेगडी तीच, आच मंदच. किनोआ काही ज्वारीसारखा स्वस्त नाही, त्यामुळे चार वाट्यांचा गिचका झाला की जीव हळहळतो. माझ्या जावेचा जुळे सोलापुरातून फोन आला तेव्हा तिचंही रडगाणं हेच होतं: दोघांपुरता केला की छान, पाहुणे आले की गिचगोळा. तेव्हा लक्षात आलं की चूक माझ्या हातात नाही, मापात आहे.

आधी नको त्या गोष्टींवर संशय घेतला, तेही सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिला संशय पाण्यावर. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं वापरावं लागतं आणि ते जड असतं. जड पाण्यात तूरडाळ शिजायला वेळ घेते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून एकदा चार वाट्या किनोआ फिल्टरच्या पाण्यात शिजवला. तसाच गिचका झाला. दुसरा संशय कुणीतरी डोक्यात घातलेला, की गाव उंचावर असलं की शिजण्याचं गणित बदलतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. इथं पाणी शंभरऐवजी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. एवढ्याशा फरकानं दाणा शिजायला फार तर मिनिटभर जास्त लागेल, लगदा होणार नाही. शिवाय या दोन्ही गोष्टी कारण असत्या तर अर्धी वाटीसुद्धा बिघडली असती.

उत्तर आत्याबाईंनी दिलं. मी पातेल्यावर वाकून बघत होते, त्या मागून म्हणाल्या, "अगं, भगरीला आपण मोजून दुप्पट पाणी घालतो का कधी? थोडी असली तर जरा जास्त लागतं, ढीगभर असली तर कमी पुरतं. भांडं बघून पाणी घालायचं असतं." त्यांनी किनोआ आयुष्यात शिजवलेला नाही, पण बोलल्या ते अगदी खरं होतं.

पाणी दोन वाटांनी जातं

पातेल्यात घातलेलं पाणी दोन ठिकाणी जातं. काही दाणा पितो, काही वाफ होऊन उडून जातं. दाणा किती पिणार हे दाण्यावर ठरतं: पांढरा किनोआ मऊ-मोकळा शिजेपर्यंत आपल्या मापाच्या साधारण दीडपट पाणी पितो. अर्धी वाटी असो की चार वाट्या, हे दीडपट बदलत नाही. वाफ किती जाणार हे मात्र किनोआवर ठरतच नाही. ते ठरतं पातेल्याच्या तोंडावर, झाकण किती घट्ट बसतं त्यावर, आचेवर आणि किती मिनिटं शिजवलं त्यावर. तेच पातेलं, तीच आच, तीच पंधरा मिनिटं असतील तर आत दाणा किती का असेना, वाफ जवळपास तेवढीच जाते.

म्हणजे वाफेचं पाणी हा ठरावीक खर्च आहे, घरभाड्यासारखा. घरात माणसं दोन राहिली काय आणि सहा राहिली काय, भाडं तेवढंच. पाकिटावरचं 'एकास दोन' लिहिताना दाण्याचं आणि वाफेचं पाणी एकत्र करून टाकलेलं असतं. थोड्या मापाला ते बरोबर बसतं. माप वाढवलं की आपण वाफेचं पाणीही चौपट, आठपट करतो. ते उडून जात नाही, दाण्यांच्या बुडाशी साचतं, आणि दाणा शिजून झाल्यावरही त्यात भिजत राहतो आणि फुटतो.

यात आणखी एक पाणी लपलेलं असतं. किनोआ धुऊन चाळणीत निथळला तरी बरंच पाणी दाण्याला चिकटून राहतं. मी वजनकाट्यावर ठेवून बघितलं: शंभर ग्रॅम कोरडा किनोआ धुऊन, दोन मिनिटं निथळून पुन्हा तोलला तर एकशे तीसच्या आसपास भरला. तीस ग्रॅम पाणी मोजल्याशिवायच पातेल्यात जात होतं. अर्ध्या वाटीला हे दोन-तीन चमचे. चार वाट्यांना जवळजवळ एक वाटी!

तुमचं पातेलं किती वाफ सोडतं ते बघा

हे एकदा केलंत की पुन्हा करावं लागत नाही. ज्या पातेल्यात किनोआ करता त्यात तुमच्याच वाटीनं दोन वाट्या नुसतं पाणी घ्या. उकळी आणा, आच अगदी मंद करा, झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. गॅस बंद करा, झाकण न काढता पाणी गार होऊ द्या आणि मग त्याच वाटीनं मोजा. जितकं कमी भरलं तो तुमच्या पातेल्याचा वाफेचा खर्च.

माझी वाटी दीडशे मिलीची आहे. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं तेव्हा वाटीचा जेमतेम तिसरा हिस्सा पाणी कमी झालं. त्याच पातेल्यावर कडा वाकडी झालेली जुनी ताटली झाकली तर जवळजवळ पाऊण वाटी गेलं. जाऊबाई किनोआ पसरट कढईत करायच्या आणि वर ताट ठेवायच्या. त्यांचा खर्च माझ्या दुपटीहून जास्त निघाला. म्हणून माझं माप त्यांना जसंच्या तसं चालत नाही, आणि तुम्हालाही चालेलच असं नाही. दाण्याला दीडपट, अधिक तुमच्या पातेल्याची वाफ, वजा दाण्याला चिकटलेलं पाणी. एवढाच हिशोब.

माझ्या घट्ट झाकणाच्या पातेल्यात तो असा बसला. अर्ध्या वाटीला एक वाटी पाणी, म्हणजे इथं पाकीट खरं बोलतं. एका वाटीला पावणेदोन. दोन वाट्यांना तीन. आणि चार वाट्यांना साडेपाच, जिथं मी आधी आठ घालत होते. अडीच वाट्या पाणी जास्त जात होतं, तर लगदा होणार नाही तर काय.

चार वाट्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता डब्यांची खेप कशी करते ते सांगते.

धुण्यापासून सुरुवात, कारण किनोआचा कडूपणा इथंच जातो. दाण्याच्या वरच्या आवरणात सॅपोनिन असतं, रिठ्यात असतं तेच द्रव्य, म्हणून फेस येतो. पाकिटातला किनोआ बहुतेक वेळा आधी धुतलेला असतो, तरी थोडं राहिलेलं असतं. वाहत्या नळाखाली धरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ते परवडत नाही. मी पसरट भांड्यात दाणे बुडतील एवढं पाणी घेते, तांदळासारखं तळव्यांनी हलकं चोळते, आणि बारीक गाळणीतून ओतते. साधी तांदळाची चाळणी चालत नाही, दाणा खसखशीहून थोडाच मोठा, भोकांतून निसटतो. चहाची मोठी गाळणी नाहीतर पातळ पंचा घ्या. पहिल्या पाण्याला फेस येतो, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला पाणी स्वच्छ. चव बघायची तर दोन कच्चे दाणे दाताखाली चावा. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागलं तर आणखी एकदा धुवा. ते फेसाळ पाणी मी खरकटी भांडी भिजवायला वापरते.

गाळणी भांड्याच्या काठावर तिरकी ठेवून दोन-तीन मिनिटं निथळू द्या. सपाट ठेवली तर मधोमध पाणी अडून राहतं.

पातेलं तापवून चमचाभर तेलात किंवा तुपात किनोआ दोन-तीन मिनिटं परतते. ओलसरपणा जातो, दाण्याला हलका खमंग वास येतो, आणि दाणे एकमेकांना कमी चिकटतात. तोपर्यंत शेजारच्या शेगडीवर साडेपाच वाट्या आधण ठेवलेलं असतं. परतलेल्या दाण्यांवर आधण ओता, मीठ घाला, एकदा हलवा. गार पाणी घातलं तरी शिजतं, पण चार वाट्यांना उकळी यायला दहा-बारा मिनिटं लागतात, तेवढा वेळ दाणा कोमट पाण्यात फुगत बसतो आणि मिनिटांचा हिशोब चुकतो.

पुन्हा खळखळ उकळी आली की वेळ मोजायला लागा. आच अगदी मंद, झाकण घट्ट. पांढऱ्या किनोआला इथून पंधरा मिनिटं. मधे झाकण उघडायचं नाही आणि ढवळायचं तर मुळीच नाही. ढवळलं की मऊ पडलेला दाणा घासला जातो, पिठूळ पाणी सुटतं, आणि मग भातासारखी शितं न राहता खिमट होतं.

पंधरा मिनिटांनी झाकण काढून बघा. वरच्या थरात छोटी छोटी भोकं दिसली पाहिजेत, वाफ वर येताना पडलेली, मोकळ्या भातावर दिसतात तशी. पातेलं थोडं कलतं केलं तर काठाला पाणी जमता कामा नये. मग चमच्यानं मधोमधचे दोन-चार दाणे तळहातावर घ्या आणि उजेडात नीट बघा. कच्चा दाणा पांढरा, अपारदर्शक असतो. शिजलेला दाणा काचेसारखा होतो आणि त्याच्या कडेनं एक पांढरा धागा कोंबासारखा सुटून वळलेला दिसतो. तो दाण्याचा अंकुर. धागा सुटलाय पण दाण्याच्या पोटात अजून खडूसारखा ठिपका आहे, तर दोन-तीन मिनिटं बाकी आहेत. ठिपका गेला की गॅस बंद.

लगेच वाढायला घेऊ नका. झाकणाखाली स्वच्छ कोरडा पंचा धरा, त्याची टोकं वर झाकणावर बांधा म्हणजे आचेकडे लोंबणार नाहीत, आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. झाकणावर जमलेलं पाणी पंचा पितो, दाण्यांवर ठिबकत नाही. तळाचा जास्त ओला दाणा आणि वरचा कोरडा दाणा या दहा मिनिटांत सारखे होतात. माझा वरचा थर बरा आणि खालचा लगदा व्हायचा त्यात या घाईचाही वाटा होता. त्यानंतर काटा चमच्यानं कडेकडून वर उचलत मोकळा करा. डाव नको, त्यानं दाबला जातो.

एका वाटीचे असे साधारण तीन वाट्या तयार होतात. डब्यांचा अंदाज त्यावर धरा.

तरीही बिघडला तर

दाणा शिजला, पण खाली पाणी दिसतंय: गाळणीत ओतून निथळा, परत त्याच गरम पातेल्यात टाका, झाकण न ठेवता मंद आचेवर मिनिटभर ठेवा आणि मग पंचा लावून दहा मिनिटं मुरवा. पाणी आटवायच्या नादात दहा मिनिटं आणखी शिजवू नका, गिचका तिथंच होतो.

उलट झालं, पाणी संपलं आणि दाण्यात ठिपका आहे, तर तीन-चार चमचे उकळतं पाणी कडेकडेनं शिंपडा आणि झाकून तीन-चार मिनिटं द्या. वाटीभर पाणी एकदम ओतू नका. हे वारंवार होत असेल तर झाकण वाफ सोडतंय किंवा आच जास्त आहे. आमच्या छोट्या शेगडीची मंद आच मोठ्या शेगडीच्या निम्मी आहे, त्यामुळे मोठीवर करताना मी खाली तवा ठेवते.

बूड लागलं असेल तर खरवडू नका. वरचा वरचा दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, करपट वास वर चढत नाही.

आणि लगदा झालाच, तर तो परत मोकळा होत नाही. परातीत पसरून वाळवला तरी वरून कोरडा, आतून पिठूळच राहतो. मी त्यात थालीपिठाची भाजणी, कांदा, कोथिंबीर, तिखट घालून थालीपिठं लावते. लगद्यातच पाणी भरपूर असतं, त्यामुळे वेगळं पाणी लागत नाही. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर ती फार छान लागतात.

लाल आणि काळ्या किनोआची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचं आवरण जाड, ते अठरा ते वीस मिनिटं घेतात, शिजल्यावरही दाताखाली करकरीत राहतात आणि सहसा गिचके होत नाहीत. कोशिंबिरीसारखं गार खायचं असेल तर तेच घ्या. पांढरा मऊ, म्हणून उपम्याला, खिचडीला, ताकाबरोबर चांगला. तिन्ही रंग मिसळलेलं पाकीट असेल तर लालच्या वेळेनं शिजवा, पांढरा थोडा जास्त मऊ होतो हे धरून चाला.

खेप आणखी मोठी असेल, सात-आठ वाट्या, तर मी मापाच्या पाण्यात शिजवतच नाही. पूर्वी भात वेळून काढायचे तसा काढते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळवायचं, मीठ घालायचं, धुतलेला किनोआ त्यात वैरायचा, बारा मिनिटांनी ठिपका बघायचा आणि गाळणीत ओतून निथळायचा. मग रिकाम्या गरम पातेल्यात परत टाकून पंचा लावून दहा मिनिटं. इथं पाण्याचा हिशोबच उरत नाही, फक्त घड्याळ सांभाळायचं. चव थोडी कमी होते, वेळलेल्या भाताची होते तशी, पण वीस माणसांचा डबा मोकळा होतो.

कुकरबद्दल सगळे विचारतात. कुकरमधून वाफ फारच थोडी जाते, म्हणून तिथं दुप्पट पाणी घातलं तर एका वाटीचासुद्धा लगदा होतो. करायचाच तर दीडपटीहून जरा कमी पाणी, एक शिट्टी, आणि दाब आपोआप उतरू द्यायचा. मला पातेलंच बरं वाटतं, कारण कुकरात दाणा बघता येत नाही.

ओट्सला हाच हिशोब लावता येतो का?

अर्धाच. वाफेचा ठरावीक खर्च तिथंही आहे, पण ओट्स चिकट होण्याचं कारण वेगळं. ओट्स कारखान्यातच वाफवून, रूळांखाली चपटे करून येतात, म्हणजे आपल्या पोह्यांचे चुलत भाऊ. पाणी लागलं की त्यातून एक विरघळणारा तंतुमय पदार्थ आणि पिष्ट बाहेर पडतं आणि पाणी घट्ट, बुळबुळीत होतं. लापशीला तेच हवं असतं. उपम्याला नको असतं.

आधी पाकीट नीट बघा. पोह्यासारखी अख्खी, मधे चीर असलेली जाड पाकळी असेल तर पाच ते सात मिनिटं लागतात. तुकडे तुकडे झालेली पातळ पाकळी असेल आणि पाकिटावर तीन मिनिटं लिहिलेलं असेल, तर ती सात मिनिटं शिजवल्यावर खळच होणार. पाणी कितीही बदललंत तरी.

लापशीला एका वाटीला दोन वाट्या पाणी म्हणजे घट्ट, चमचा उभा राहील अशी. अडीच म्हणजे सरसरीत. तीन म्हणजे पेजेसारखी, आजारी माणसाला देता येईल अशी. गार पाण्यात ओट्स घालून दोन्ही एकत्र तापवलं आणि ढवळत राहिलं तर साईसारखी एकजीव होते. आधणात वैरून एक-दोनदाच हलवलं तर पाकळ्या वेगळ्या लागतात. दोन्ही बरोबर आहेत, तोंडात काय हवं ते ठरवा. उतरवताना मनाजोगत्या घट्टपणापेक्षा थोडी पातळ असतानाच उतरवा, पाच मिनिटांत ती आणखी आळते. चार वाट्यांची लापशी करताना मी आठऐवजी सात वाट्या पाणी घालते, वाफेच्याच कारणानं. आणि पातेलं निम्म्याहून जास्त भरत नाही, कारण ओट्सचा फेस दुधासारखा उतू जातो.

उपम्याला मात्र आधी कोरडे भाजायचे. मंद आचेवर चार-पाच मिनिटं, कडा किंचित रंग बदलेपर्यंत. फोडणीत भाज्या परतून झाल्या की भाजलेले ओट्स टाकायचे आणि एका वाटीला पाऊण वाटी गरम पाणी हातानं शिंपडत, हलवत घालायचं. झाकून दोन मिनिटं, बस्स. ओतलेलं पाणी एकाच जागी लागतं आणि तिथं गोळा होतो, म्हणून शिंपडायचं. पोहे भिजवताना आपण हेच करतो.

डब्यात गेल्यावर

किनोआ नीट झाला तरी माझ्या एका डब्याची तक्रार येत राहिली: वरचा चांगला, तळाचा ओला. पातेल्यात तर तसं काही नव्हतं. मग एक डबा भरून घरीच ठेवला आणि दोन तासांनी उघडला. झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते आणि तळाशी पाणी होतं. वाफाळता किनोआ भरून झाकण लावलं की त्याचीच वाफ गार होऊन परत त्याच्यावर पडते. आता काटा चमच्यानं मोकळा केलेला किनोआ परातीत बोटभर जाडीनं पसरते, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवते, हाताला कोमट लागला की फोडणी घालून डबे भरते. मेमध्ये इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा ओला राहिलेला किनोआ दुपारपर्यंत आंबूस लागतो. त्या दिवसांत लिंबू आणि ओलं खोबरं मी डब्यात मिसळत नाही. लिंबाची फोड वेगळी देते, खोबरं देतच नाही, आणि डबा बाराच्या आत खाऊन घ्या असं झाकणावर चिठ्ठी लावून सांगते.